पन्नास लाखांचे शेअर आणि दहा लॉट

३ जून २०२४, सोमवार. लोकसभेची मतमोजणी दुसऱ्या दिवशी होती. शनिवारच्या एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी एका दिवसात ७३३ अंकांनी चढला आणि २३,२६३.९० वर बंद झाला. पुण्यातले एक निवृत्त बँक अधिकारी त्या दुपारी आपल्या शेअरची यादी घेऊन बसले आहेत, अशी कल्पना करू. वीस-बावीस वर्षांत हळूहळू जमवलेले शेअर आज ५० लाखांचे आहेत. हे शेअर त्यांना विकायचे नाहीत. विकले तर नफ्यावर कर भरावा लागेल, आणि तेच शेअर पुन्हा त्याच भावात मिळतील याची खात्री नाही. पण उद्याचा निकाल उलटा लागला तर काय, ही धास्तीही आहे.

यावर बाजारात एक मान्य उपाय आहे. शेअर तसेच ठेवायचे आणि निफ्टीचे फ्युचर्स विकायचे, म्हणजे शॉर्ट करायचे. बाजार पडला की शेअरमध्ये जे गेले ते फ्युचर्समध्ये परत येते. बाजार चढला तर शेअरमध्ये जे मिळाले ते फ्युचर्समध्ये जाते. यालाच हेजिंग म्हणतात. भारतात ही सोय जून २००० पासून आहे. ९ जूनला मुंबई शेअर बाजाराने सेन्सेक्सचे फ्युचर्स सुरू केले आणि १२ जूनला राष्ट्रीय शेअर बाजाराने निफ्टीचे.

उपाय ऐकायला सोपा आहे. खरा प्रश्न पुढे येतो: लॉट विकायचे किती? कमी विकले तर छत्री अपुरी पडते. जास्त विकले तर ते संरक्षण राहत नाही, बाजार पडण्यावर लावलेली पैज होते. हा आकडा काढायला एक छोटे सूत्र आहे. ते पाठ करण्यापेक्षा त्यामागचा विचार समजून घेतला, तर ते कुठे कामाला येते आणि कुठे हात आखडते घेते हेही कळते.

५० लाख की ६० लाख?

पहिला विचार असा येतो की शेअर ५० लाखांचे, तर निफ्टीही ५० लाखांचाच विकावा. पण सगळे शेअर निफ्टीइतकेच हलत नाहीत. निफ्टी एक टक्का पडला की पोलाद कंपनीचा शेअर दीड टक्का पडू शकतो आणि साबण-तेल विकणाऱ्या कंपनीचा अर्ध्या टक्क्यावर थांबू शकतो. या स्वभावाचे माप म्हणजे बीटा. निफ्टीचा स्वतःचा बीटा १. ज्या शेअरचा बीटा १.५, तो निफ्टीच्या एका टक्क्यामागे सरासरी दीड टक्का हलतो. हा आकडा मागच्या काही महिन्यांच्या किंवा वर्षांच्या रोजच्या अथवा आठवड्याच्या चढउतारांवरून काढलेला असतो. म्हणजे तो आजवरच्या वागण्याची सरासरी सांगतो. उद्या शेअर तसाच वागेल, असे वचन तो देत नाही.

आता आपल्या अधिकाऱ्यांची यादी पाहू. यातले बीटा उदाहरणापुरते धरलेले आहेत.

सरकारी बँका: १५ लाख, बीटा १.५
धातू आणि भांडवली यंत्रसामग्री: १० लाख, बीटा १.६
खासगी बँका: १० लाख, बीटा १.१
आयटी: १० लाख, बीटा ०.७५
साबण, तेल, खाद्यपदार्थ: ५ लाख, बीटा ०.६

प्रत्येक ओळीतल्या रकमेला बीटाने गुणा. अनुक्रमे २२.५, १६, ११, ७.५ आणि ३ लाख येतात. बेरीज ६० लाख. तिला ५० लाखांनी भागले की पूर्ण पोर्टफोलिओचा बीटा मिळतो: १.२.

पण भागण्याआधीचा ६० लाखांचा आकडाच जास्त बोलका आहे. अधिकाऱ्यांकडे शेअर ५० लाखांचे असले, तरी बाजाराच्या चढउतारात ते ६० लाखांच्या निफ्टीसारखे हलतात. म्हणून विकायचा निफ्टीही ६० लाखांचा. बीटाने गुणायचे कारण एवढेच.

इथे एक चूक फार जण करतात. यादी लिहिताना शेअर घेतले तेव्हाची किंमत मांडतात. आठ लाखांना घेतलेला शेअर आज १५ लाखांचा झाला असेल, तर उद्याच्या पडझडीत १५ लाख सापडणार आहेत. हिशोब नेहमी आजच्या बाजारभावाने करायचा.

भागाकार

निफ्टीचे फ्युचर्स सुटे मिळत नाहीत, लॉटमध्ये मिळतात. जून २०२४ मध्ये एका लॉटमध्ये २५ निफ्टी होते. फ्युचर्सचा भाव निर्देशांकाहून थोडा वेगळा असतो, आणि प्रत्यक्ष व्यवहारात फ्युचर्सचाच भाव घ्यावा. पण आकडे डोळ्यांसमोर राहावेत म्हणून इथे निर्देशांकाचा बंद भावच धरू आणि फ्युचर्स त्याच्याइतकाच हलला असे मानू. २३,२६३.९० ला २५ ने गुणले की एका लॉटची किंमत साधारण ५ लाख ८१ हजार ६०० रुपये होते.

६० लाखांना या किमतीने भागा. उत्तर १०.३२ येते. पाव लॉट विकता येत नाही, म्हणून १०.

सूत्र एवढेच आहे:

लॉटची संख्या = बीटा × पोर्टफोलिओची आजची किंमत ÷ (फ्युचर्सचा भाव × लॉटचा आकार)

पूर्ण संरक्षण नको असेल, तर बीटाच्या जागी आजचा बीटा आणि हवा असलेला बीटा यांतला फरक घालायचा. अधिकाऱ्यांना वाटले की बाजार चढला तर थोडा लाभ आपल्यालाही मिळावा, म्हणून बीटा १.२ वरून शून्यावर न आणता ०.५ वर आणू. मग फरक ०.७ चा. ५० लाखांच्या ०.७ पट म्हणजे ३५ लाख. त्याला ५ लाख ८१ हजार ६०० ने भागले की सहा लॉट येतात. चार लॉट कमी विकले म्हणजे तेवढी जोखीम आपण समजून-उमजून अंगावर घेतली. पण आपल्या गोष्टीत त्यांनी दहा लॉट विकले आहेत.

४ जूनचा हिशोब

मतमोजणीच्या दिवशी निफ्टी १,३७९.४० अंकांनी कोसळला आणि २१,८८४.५० वर बंद झाला. ही घसरण ५.९३ टक्के होती.

बीटा १.२ च्या पोर्टफोलिओने अशा दिवशी सुमारे ७.१ टक्के पडायला हवे. ५० लाखांवर हे नुकसान ३ लाख ५५ हजार ७०० च्या घरात जाते. दुसऱ्या बाजूला दहा लॉट म्हणजे २५० निफ्टी विकलेले होते. २५० गुणिले १,३७९.४० म्हणजे ३ लाख ४४ हजार ८५० रुपये नफा. उघडे राहिले फक्त अकरा हजारांच्या आसपास, आणि तेही १०.३२ चे १० केल्यामुळे. सूत्राने आपले काम चोख केले.

निफ्टी इतका पडल्यावर लॉटची संख्या बदलायला हवी का, असा प्रश्न इथे पडतो. पाहू या. पोर्टफोलिओ आता सुमारे ४६ लाख ४४ हजारांचा. त्याची १.२ पट ५५ लाख ७३ हजार. एका लॉटची किंमतही उतरून सुमारे ५ लाख ४७ हजार झाली. भागाकार १०.१९ येतो, म्हणजे पुन्हा दहाच. वरचा आणि खालचा आकडा बरोबरच पडत असल्याने नुसत्या घसरणीने किंवा चढण्याने लॉटची संख्या फारशी हलत नाही. ती बदलावी लागते शेअर विकले, नवे घेतले किंवा पोर्टफोलिओचा बीटाच बदलला तर.

जे बीटात मावत नाही

वरचा हिशोब आपण बीटाच्या भरवशावर केला. त्या दिवशी बाजारात खरोखर काय झाले ते पाहिले, की या भरवशाची मर्यादा दिसते.

४ जूनला सगळे शेअर आपापल्या बीटाप्रमाणे पडले नाहीत. एक्झिट पोलनंतर सरकारी कंपन्यांचे शेअर सर्वांत जास्त चढले होते आणि निकालाच्या दिवशी तेच सर्वांत जास्त आपटले. सरकारी बँकांचा निर्देशांक एका दिवसात सुमारे १५ टक्के उतरला. त्याच दिवशी हिंदुस्थान युनिलिव्हरसारखा शेअर मात्र उलट वर गेला.

अधिकाऱ्यांच्या १५ लाखांच्या सरकारी बँकांकडे या नजरेने पाहू. बीटा १.५ म्हणजे त्यांची अपेक्षित घसरण ८.९ टक्के, साधारण १ लाख ३३ हजार. प्रत्यक्षात त्या आपल्या निर्देशांकाप्रमाणे १५ टक्के पडल्या असतील, तर नुकसान २ लाख २५ हजार. एकाच गटात ९० हजारांहून अधिक रक्कम उघडी पडली. साबण-तेलाच्या शेअरने यातली काही भरून काढली असेल, पण त्या गटात होतेच पाच लाख.

ही गणिताची चूक नाही. निफ्टीचे फ्युचर्स फक्त बाजाराच्या सामाईक हालचालीपासून वाचवतात. सरकार बदलेल का, एखाद्या उद्योगावर कर वाढेल का, एखाद्या कंपनीच्या संचालकावर छापा पडेल का, हे धोके ज्या-त्या गटाचे किंवा कंपनीचे असतात. निफ्टीचे कितीही लॉट विकले तरी ते अंगावर राहतातच.

आपल्या पोर्टफोलिओत बाजाराचा वाटा किती आणि बाकीच्या धोक्यांचा किती, हे घरबसल्या तपासता येते. एक्सेलच्या एका रकान्यात पोर्टफोलिओचा रोजचा टक्केवारीतला बदल लिहा आणि शेजारच्या रकान्यात निफ्टीचा. १२० दिवसांची नोंद असेल तर ही दोन सूत्रे घाला:

```
=SLOPE(B2:B121,C2:C121)
=RSQ(B2:B121,C2:C121)
```

बी रकान्यात पोर्टफोलिओ आणि सी रकान्यात निफ्टी. पहिले सूत्र बीटा देते. दुसऱ्या सूत्राला आर-स्क्वेअर म्हणतात. हेज किती उपयोगी पडेल हे दुसरा आकडा सांगतो, आणि त्याच्याकडे बहुतेक जण बघतही नाहीत.

समजा आर-स्क्वेअर ०.८ आला. वाटेल की ८० टक्के धोका गेला, २० टक्के उरला. तसे नसते. हा आकडा चढउतारांच्या वर्गावर बेतलेला असल्याने उरलेल्या ०.२ चे वर्गमूळ घ्यावे लागते. ते ०.४५ येते. म्हणजे लॉट अगदी बरोबर विकूनही रोजच्या चढउताराचा ४५ टक्के भाग तसाच राहतो. आर-स्क्वेअर ०.९५ असेल तर सुमारे २२ टक्के राहतो. निफ्टीतल्याच मोठ्या, वेगवेगळ्या उद्योगांतल्या पंधरा-वीस कंपन्या असतील तर आकडा वरचा येतो. दोन-तीन गटांवर भर असेल किंवा लहान कंपन्या जास्त असतील तर तो घसरतो, आणि मग निफ्टीचे फ्युचर्स विकून फारसे हाती लागत नाही.

लहान कंपन्यांच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. ज्या शेअरचे व्यवहार तुरळक होतात, त्याचा भाव बाजार पडल्यानंतर एक-दोन दिवसांनी पडतो. रोजच्या आकड्यांवरून बीटा काढला तर असा शेअर शांत वाटतो, कारण ज्या दिवशी निफ्टी हलला त्या दिवशी तो हललेलाच नसतो. बीटा ०.४ दिसतो, लॉट कमी विकले जातात, आणि दोन दिवसांनी घसरण गाठते. अशा शेअरसाठी रोजच्याऐवजी आठवड्याचे आकडे घ्यावेत. दोन्ही बीटांत मोठा फरक आला, तर रोजचा बीटा विश्वासाचा नाही असे समजावे.

रोखीची बाजू

४ जूनच्या संध्याकाळपर्यंतच गोष्ट सांगितली तर ती अर्धवट राहील. अधिकाऱ्यांनी दहा लॉट शुक्रवारपर्यंत तसेच ठेवले असे धरू.

फ्युचर्सचा नफा-तोटा रोज संध्याकाळी खात्यात जमा होतो किंवा वजा होतो. याला मार्क टू मार्केट म्हणतात. ब्रोकरकडच्या त्यांच्या खातेवहीत त्या आठवड्यात अशा नोंदी झाल्या असत्या:

४ जून: जमा ३,४४,८५०
५ जून: वजा १,८३,९६२
६ जून: वजा ५०,२६२
७ जून: वजा १,१७,१८७

बुधवारी निफ्टी ७३५.८५ अंकांनी सावरला, गुरुवारी २०१.०५ ने आणि शुक्रवारी ४६८.७५ ने. ७ जूनला तो २३,२९०.१५ वर, म्हणजे निकालापूर्वीच्या सोमवारपेक्षा २६ अंक वर बंद झाला. चार दिवसांची बेरीज केली तर हेजमध्ये सुमारे साडेसहा हजारांचा तोटा, वर दलाली आणि कर.

हा तोटा किरकोळ आहे. नोंदींचा क्रम मात्र नीट पाहावा. बुधवार ते शुक्रवार या तीन दिवसांत साडेतीन लाखांहून अधिक रोख रक्कम खात्यातून गेली. त्याच काळात शेअर वर आले, पण ती वाढ कागदावरची. फ्युचर्सचा तोटा रोखीत भरावा लागतो, शेअरचा नफा शेअर विकल्याशिवाय हातात येत नाही. मंगळवारी जमा झालेले पैसे कमाई समजून कुणी दुसरीकडे वळवले असते, तर गुरुवारपर्यंत ब्रोकरचा फोन आला असता. पैसे वेळेत न भरल्यास ब्रोकर लॉट बंद करून टाकतो, आणि मग पुढची घसरण आली तर हेज जागेवर नसते.

मार्जिनचे तसेच. विकलेल्या फ्युचर्सच्या किमतीच्या साधारण दहाव्या-आठव्या हिश्शाइतके मार्जिन ठेवावे लागते आणि बाजार अस्थिर झाला की ते वाढते. आपले शेअर तारण ठेवून मार्जिनचा काही भाग भागवता येतो, पण रोजचा तोटा रोखच द्यावा लागतो. म्हणून लॉट मोजताना रोखही मोजावी. निफ्टी पाच टक्के चढला तर आपल्याला किती भरावे लागेल? दहा लॉटवर हा आकडा २ लाख ९० हजारांच्या आसपास जातो. एवढे पैसे बचत खात्यात मोकळे नसतील, तर तेवढे लॉट विकू नयेत.

करातही दोन्ही बाजू जुळत नाहीत. फ्युचर्सचा नफा आयकरात धंद्याचे उत्पन्न धरला जातो आणि त्या वर्षी करपात्र होतो. शेअरमधली घट विक्रीशिवाय मोजली जात नाही. म्हणून जो हेज कागदावर पूर्ण जुळतो, तो कर भरल्यावर थोडा तोकडा पडतो.

आज हाच हिशोब

२०२४ नंतर लॉटचा आकार बदलला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने निर्देशांकाच्या नव्या करारांची किमान किंमत ५ लाखांवरून १५ लाखांवर नेली. त्यानुसार निफ्टीचा लॉट २५ वरून ७५ झाला, आणि २०२६ च्या करारांसाठी ६५ करण्यात आला. लॉटचा आकार वेळोवेळी बदलतो, म्हणून प्रत्येक वेळी एक्सचेंजच्या ताज्या परिपत्रकावरून तो पाहून घ्यावा. जुन्या लॉटने केलेला हिशोब दुप्पट-तिप्पट चुकू शकतो.

लॉट मोठा झाल्याचा परिणाम थेट आपल्या सूत्रावर होतो. निफ्टी २५,००० धरला तर ६५ च्या लॉटची किंमत १६ लाख २५ हजार. अधिकाऱ्यांचे ६० लाख त्याने भागले की ३.६९ येते. तीन लॉट विकले तर सुमारे ११ लाखांचा निफ्टी उघडा राहतो. चार विकले तर गरजेपेक्षा ५ लाखांचा जास्त विकला जातो. लॉट २५ चा असताना पूर्णांक केल्याने दोन लाखांचाही फरक पडत नव्हता. चार विकणे अचूकतेच्या जास्त जवळ जाते, पण मग बाजार चढल्यावर आपण थोड्या तोट्यात राहणार, हे मान्य करूनच विकावे.

पोर्टफोलिओ पाच-सात लाखांचा असेल तर हा मार्ग बंदच आहे. भागाकार अर्ध्या लॉटच्याही आत येतो, आणि एक पूर्ण लॉट विकणे म्हणजे शेअरपेक्षा मोठी उलटी पैज लावणे. अशा गुंतवणूकदाराला धास्ती वाटत असेल तर सर्वांत जास्त बीटाचा, सर्वांत जास्त फुगलेला शेअर थोडा कमी करणे हाच सरळ उपाय. वरच्या यादीत सरकारी बँका ३० टक्के होत्या, आणि ४ जूनला सर्वांत मोठे भगदाड तिथेच पडले.

३ जूनला हेज करणारा आणि न करणारा ७ जूनला जवळपास एकाच जागी उभे होते. दोघांतला फरक होता मधल्या मंगळवारी. तो एक मंगळवार ज्यांना परवडत नाही, ज्यांना त्याच आठवड्यात घराचे किंवा शिक्षणाचे पैसे भरायचे आहेत, त्यांच्यासाठी हा हिशोब आहे. लॉटचा आकडा काढण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा: आजच्या भावाने पोर्टफोलिओ, तुमच्या शेअरचा आर-स्क्वेअर, आणि हेज कोणत्या तारखेला काढायचा ती तारीख. तिसरी ओळ कोरी राहत असेल, तर पहिला लॉटसुद्धा विकू नका.